मध्यरेषेवर ठेवलेला चेंडू
(परिपाठासाठी लघुनाटिका)

पात्रे: निवेदिका; पंच म्हणून काम पाहणारे क्रीडाशिक्षक; निळ्या संघाचा कर्णधार कबीर व खेळाडू शौनक; लाल संघाची कर्णधार मृणाल व गोलरक्षक ऋता; दोन्ही संघांचे खेळाडू.

(दोन विद्यार्थी काठ्या धरून गोलपोस्ट म्हणून उभे आहेत. त्यांच्यामध्ये जमिनीवर पांढरी फीत म्हणजे गोलरेषा.)

निवेदिका: आंतरवर्गीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना १-१ अशा बरोबरीत असून शेवटची दोन मिनिटे उरली आहेत. निळ्या संघाला कॉर्नर मिळाला आहे.

(चेंडू उंचावरून येतो. गर्दीत शौनक उडी मारतो. चेंडू रेषेपलीकडे जातो आणि ऋता तो झटकन बाहेर ओढते. पंच शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात दाखवतात.)

निळे खेळाडू: गोल! गोल!

लाल खेळाडू: (पंचांना घेरून) सर, हा गोल नाही! चेंडू रेषेवरच होता!

मृणाल: सगळे मागे व्हा. सरांशी मी एकटीच बोलेन. (पंचांना) सर, चेंडू पूर्ण आत गेला नव्हता, असे आम्हाला वाटते.

पंच: संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषा ओलांडून दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांड्याखालून गेला, तरच गोल होतो. चेंडूचा थोडासा भाग जरी रेषेवर असता, तरी मी गोल दिला नसता. पण मला तो पूर्ण पलीकडे गेलेला दिसला.

मृणाल: ऋता, तू सर्वांत जवळ होतीस. तू सांग.

(ऋता आपल्या संघाकडे पाहते.)

ऋता: चेंडू पूर्ण आत गेला होता. मी तो आतूनच बाहेर काढला.

एक लाल खेळाडू: अगं, तू आपल्या बाजूने आहेस ना?

ऋता: आहे, पण सरांना खोटे कसे सांगू?

(लाल खेळाडू नाराजीने जागेवर परततात. चेंडू मध्यरेषेवर ठेवला जातो. शौनक आपल्या कोपराकडे पाहत उभा राहतो. ही स्तब्धता अभिनेत्याने घाईने संपवू नये, कारण निर्णय याच क्षणी होतो.)

कबीर: शौनक, जागेवर चल! काय झाले?

शौनक: कबीर, चेंडू माझ्या डोक्याला लागलाच नाही, हाताला लागून आत गेला. मी मुद्दाम हात लावला नाही, पण लागला हे खरे आहे.

कबीर: (हळू आवाजात) कुणालाही दिसले नाही. पंचांनी गोल दिला आहे आणि आपण काही खोटेही बोललेलो नाही.

शौनक: ऋताला मात्र विचारताच तिने खरे सांगितले.

कबीर: २०१२ मध्ये इटलीत लाझिओकडून खेळताना मिरोस्लाव क्लोजाने असेच हाताने झालेला गोल स्वतःहून पंचांना सांगितला होता. गोल रद्द झाला आणि नापोलीने तो सामना ३-० असा जिंकला. आपणही हरलो तर?

शौनक: आपण हरूही शकतो. पण हा चषक हातात घेतल्यावर ऋताशी हस्तांदोलन करताना मी तिच्या डोळ्यांकडे पाहू शकणार नाही. शिवाय वेळ थोडा आहे. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की पंचांना हा निर्णय बदलता येत नाही.

(पंच शिट्टी ओठांना लावतात. शौनक धावत पुढे येतो.)

शौनक: सर, थांबा! चेंडू माझ्या हाताला लागून गोलमध्ये गेला.

(दोन्ही संघ स्तब्ध.)

पंच: गर्दीमुळे मला ते दिसले नाही. हेतू नसला, तरी ज्याच्या हाताला लागून चेंडू थेट आत गेला, त्याचा गोल धरला जात नाही. गोल रद्द. गुणसंख्या १-१. लाल संघाला डायरेक्ट फ्री किक.

एक निळा खेळाडू: शौनक, तू हे काय केलेस? वर्षभराची मेहनत वाया घालवलीस!

(शौनक उत्तर देत नाही. कबीर क्षणभर त्या खेळाडूकडे आणि मग शौनककडे पाहतो.)

कबीर: त्याला कुणीही काही बोलायचे नाही. सामना संपलेला नाही आणि बरोबरी अजून आपल्या हातात आहे. सगळे मागे या!

ऋता: (चेंडू आपल्या गोलपुढे ठेवत) मृणाल, पुढे धाव, लांब मारते!

कबीर: शौनक, मृणालला मोकळी सोडू नकोस!

शौनक: आलो!

(पंच शिट्टी वाजवतात. ऋता चेंडू मारते आणि दोन्ही संघ त्याच्यामागे धावत रंगमंचाबाहेर जातात.)