आत्महत्येच्या जोखमीचं मूल्यांकन: टीमचा फॉर्म, भरलेल्या नमुन्यासकट

आधी हे वाचा

नमुन्यातली केस काल्पनिक आहे. फॉर्ममध्ये टोटलचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तीन भागांतल्या गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि स्कोअर किंवा लो-मीडियम-हायच्या शिक्क्यावरून पुढे कोण आत्महत्या करेल ते सांगता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनमध्येही स्पष्ट लिहिलंय की असे स्केल त्या कामासाठी वापरू नका. आपल्याला हवंय ते एवढंच की या माणसाचं आज काय चाललंय, त्यातलं आपण काय बदलू शकतो आणि ते कोण करणार. आत्महत्येबद्दल थेट विचारा, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

केस

पुरुष, वय 43, घटस्फोटित, भावाकडे राहतो. वॉर्डमधून डिस्चार्ज होऊन 9 दिवस झालेत. भेट सोमवारी, आधी एकट्याशी 50 मिनिटं, मग त्याच्या परवानगीने भावाशी.

भाग 1: स्थिर घटक

(इतिहासात घडून गेलेलं, आपल्या हातात नसलेलं. एकदा नीट भरा, दर वेळी फक्त तपासा.)

आधी दोनदा प्रयत्न, पहिला 26 व्या वर्षी, दुसरा या अ‍ॅडमिशनच्या आधी. काकांनी आत्महत्या केली होती तेव्हा हा 12 वर्षांचा होता. लहानपणी घरात मारहाण. डिप्रेशनचं निदान जुनं.

यावरून कळतं की याची मूळ जोखीम बऱ्याच लोकांपेक्षा जास्त आहे आणि बरा दिसला तरी ती राहणार. आज रात्रीबद्दल यातून काहीच कळत नाही.

भाग 2: बदलते घटक

(सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक गोष्टीपुढे "कधीपासून" आणि "वाढतंय की कमी होतंय" लिहायचंच, आणि शक्य तिथे पेशंटचे शब्द जसेच्या तसे.)

विचार: रोज येतात, मुख्यतः पहाटे. "मी नसलो तर भावाचं ओझं तरी कमी होईल." वॉर्डमध्ये होते त्यापेक्षा कमी, पण गेल्या 3 दिवसांत परत वाढलेत. प्लॅन आहे का विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग थोडं थांबून सांगितलं की घरात जुन्या गोळ्या साठवलेल्या आहेत, भावाला माहीत नाही. करायचंच असं ठरलेलं नाही म्हणतो.

झोप: 3 तास, आठवडाभर. सोबत अस्वस्थपणा, बसवत नाही, भेटीतही दोनदा उठून उभा राहिला. हे हलक्यात घेऊ नका, झोप उडालेली आणि जीव कासावीस, ही जोडी विचारांइतकीच महत्त्वाची आहे.

दारू: डिस्चार्जनंतर दोनदा प्यायला, दोन्ही वेळा त्या रात्री विचार जास्त आले.

येऊ घातलेलं: गुरुवारी मुलीच्या ताब्याबद्दल कोर्टाची तारीख. निकाल विरोधात गेला तर काय, असं विचारल्यावर गप्प बसला. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे तसेही सगळ्यात नाजूक असतात, त्यात ही तारीख.

भाग 3: संरक्षक घटक

("कुटुंबाचा आधार आहे" एवढंच लिहिलं तर फॉर्म परत येईल. कोण, काय करतं, आणि ते तुटलं तर काय, तिन्ही लिहा. भाग 2 मधून हे वजा करायचं नाही.)

मुलगी, वय 9, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "तिच्यासाठी थांबलोय" म्हणतो. पण हाच धागा गुरुवारी तुटू शकतो, म्हणून आज संरक्षक असला तरी भाग 2 मध्येही धरलाय.

भाऊ रात्री घरी असतो, सरळ बोलतो, घाबरलेला आहे पण टाळत नाही. गोळ्यांबद्दल त्याला सांगायला पेशंट स्वतः तयार झाला, हे मोठं आहे. भेटी चुकवत नाही.

मत

मूळ जोखीम जास्त. गेल्या आठवड्यापेक्षा आज वाढलेली, गुरुवारी अचानक आणखी वाढू शकते. भाऊ सोबत आहे आणि पेशंट खरं बोलतोय म्हणून आज घरी पाठवतोय. सीनियर सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोलून ठरवलं.

काय करायचं, कोणी

साठवलेल्या गोळ्या भाऊ आजच ताब्यात घेऊन परत करणार, संध्याकाळी 7 ला नर्स फोन करून खात्री करेल. चालू औषधं एका वेळी 3 दिवसांचीच, भावाच्या हातात. झोप आणि अस्वस्थपणासाठी औषध डॉक्टरांनी आज बदललं. सेफ्टी प्लॅन पेशंटच्या शब्दांत लिहिला, पहाटे विचार आले की भावाला उठवायचं हे त्याने स्वतः सुचवलं. ऑन-कॉल नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह केला. कोर्टात भाऊ सोबत जाणार, बाहेर पडल्यावर केसवर्कर फोन करेल, निकाल काहीही लागो.

पुन्हा मूल्यांकन

शुक्रवारी सकाळी 10, प्रत्यक्ष. त्याआधी यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी: फोन उचलला नाही, दारू प्यायला, गोळ्या सापडल्या नाहीत, मुलीचा कॉल बंद झाला, किंवा काही कारण नसताना एकदम शांत वाटायला लागला. हे पाचही भावाला वाचून दाखवलेत आणि कागद त्याच्याकडे दिलाय.