निकाल फलक: इयत्ता ९ वी ‘ब’, प्रथम सत्र परीक्षा

पुणे, बुधवार १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१० ची स्थिती
पट ४४ · पूर्ण गुणयाद्या ६ पैकी ४ · क्रमांक तात्पुरते, ४०० पैकी

विज्ञानाची यादी आणि गणिताचा भाग २ यायचा आहे, तोवर खालचा एकही क्रमांक पालकांना सांगू नये. प्रगतिपत्रकांची छपाई सहाही विषय पूर्ण होईपर्यंत बंद आहे. फलक स्टाफरूममध्ये सगळ्यांना दिसतो, त्यामुळे इथे नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक आहेत.

शेवटच्या ताजेकरणात काय बदललं (१२:०५)

इंग्रजीच्या यादीत दुरुस्ती आली. क्र. १४ चे गुण ६७ नसून ७६ आहेत, भरताना अंक उलटे पडले होते. एकूण ३२७ चे ३३६ झाले आणि क्र. १४ अकरावरून पाचवर आला. तिथे क्र. ९ आणि ४० आधीच होते, आता तिघं बरोबरीत. त्यांच्या मागचे चौघे एकेक पायरी खाली गेले: क्र. ३३ (७ → ८), क्र. २ (८ → ९), क्र. २७ आणि ४३ (९ → १०). या चौघांचे गुण तेच आहेत. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं.

गुणयाद्या

| विषय | स्थिती | गुण मिळालेले | गैरहजर | सरासरी | ३५ च्या खाली |
|---|---|---|---|---|---|
| मराठी | पूर्ण, सोम. ४:१० | ४४ | ० | ६४.५ | १ |
| हिंदी | पूर्ण, मंगळ. ११:३० | ४२ | २ | ६२.० | २ |
| इंग्रजी | पूर्ण, आज दुरुस्त | ४३ | १ | ५६.० | ५ |
| सामाजिक शास्त्रे | पूर्ण, एक चौकट रिकामी | ४२ | १ | ५९.० | ३ |
| गणित | फक्त भाग १, परत पाठवला | – | – | – | – |
| विज्ञान | आलेली नाही | – | – | – | – |

सरासरी फक्त गुण मिळालेल्यांची. हिंदीत ४२ जणांची बेरीज २६०४, म्हणून ६२.०. गैरहजर दोघांना शून्य धरून ४४ ने भागलं तर ती ५९.२ वर येते आणि हिंदीच्या बाईंना उगाच जाब द्यावा लागतो.

गणिताचा भाग १ आला तरी एकूणात धरलेला नाही. दोन्ही भाग आणि अंतर्गत गुण मिळून १०० झाल्याशिवाय रकाना उघडत नाही, नाहीतर अर्धा विषय बेरजेत शिरतो. शिवाय भाग १ मध्ये क्र. १९ ला ४० पैकी ४३ पडले आहेत. यादी हजेरी क्रमांकाऐवजी आडनावांच्या क्रमाने भरली होती, त्यात एखादी ओळ सरकली असावी. एका ओळीची चूक असली तरी पूर्ण यादी विषयशिक्षकांकडे परत गेली आहे, कारण ओळ सरकली असेल तर तिच्या खालचं सगळंच संशयास्पद.

चौकटीत काय दिसतं, त्याचा अर्थ

‘०’ म्हणजे मुलगा हजर होता, पेपर तपासला, गुण शून्य. क्र. ३६ ला इंग्रजी लेखीत ० आणि अंतर्गत ९ आहेत. ते ९ विषयाचे खरे गुण, सरासरीत आणि क्रमांकात दोन्हीकडे धरले आहेत. ‘गै.’ म्हणजे लेखी परीक्षेला गैरहजर. ‘–’ म्हणजे यादीच आलेली नाही. ‘?’ म्हणजे यादी आली, पण चौकट रिकामी.

सगळ्यात घोळ रिकाम्या चौकटीचा. क्र. २६ ची सामाजिक शास्त्रांची चौकट रिकामी आहे, पण पर्यवेक्षकांच्या हजेरीपत्रकावर त्या दिवशीची सही आहे. म्हणजे पेपर आहे, गुण चढवायचे राहिले. इथे ‘गै.’ लिहू नये आणि शून्यही टाकू नये. गठ्ठ्यातून पेपर काढून खात्री करावी.

गैरहजर विद्यार्थी

| क्र. | विषय | कारण | दिलेल्या विषयांत | क्रमांक |
|---|---|---|---|---|
| ८ | सामाजिक शास्त्रे | अर्ज नाही, घरी फोन लागला नाही | १५४/३०० (५१.३३%) | – |
| १७ | हिंदी | ताप, डॉक्टरांचा दाखला जमा | २०४/३०० (६८.००%) | – |
| ३१ | हिंदी, इंग्रजी | बालेवाडीला कबड्डी स्पर्धा, शाळेचं पत्र आहे | ९९/२०० (४९.५०%) | – |

क्र. ८ ला सामाजिक शास्त्रांत अंतर्गत १५ गुण आहेत. फलकावर ते ‘गै. + १५’ असे दिसतात, बेरजेत जात नाहीत. नुसते १५ दिसले असते तर तो नापास ठरला असता, प्रत्यक्षात त्याने पेपर दिलेलाच नाही.

१४ तारखेला बालदिनाचे कार्यक्रम, म्हणून फेरपरीक्षा सोमवारी १७ ला. फेरपरीक्षेचे गुण निकालात धरले जातील, गुणानुक्रमात नाही. क्र. ८ ला बसू द्यायचं की नाही हे मुख्याध्यापक ठरवतील. तोपर्यंत नोंद ‘गै.’ अशीच राहील.

तात्पुरता गुणानुक्रम

४४ पैकी ४० जण धरले. वरचे तिघं आणि क्र. २६ बाहेर.

| क्रमांक | हजेरी क्र. | एकूण | टक्के |
|---|---|---|---|
| १ | १२ | ३५२ | ८८.०० |
| २ | ५, ३८ | ३४७ | ८६.७५ |
| ४ | २१ | ३४१ | ८५.२५ |
| ५ | ९, १४, ४० | ३३६ | ८४.०० |
| ८ | ३३ | ३३१ | ८२.७५ |
| ९ | २ | ३२९ | ८२.२५ |
| १० | २७, ४३ | ३२८ | ८२.०० |

दुसरे दोघे, म्हणून तिसरा क्रमांक नाही. पाचवे तिघे, म्हणून सहावा आणि सातवा नाही. पहिल्या दहांत अकरा मुलं आहेत, ती चूक नव्हे. बरोबरी मोडण्यासाठी गणिताचे गुण, वय किंवा आडनाव असलं काही लावलेलं नाही. बक्षीस दोघांना द्यावं लागलं तर दोन आणावीत.

क्रमांक एकूण गुणांवर काढला आहे, टक्क्यांवर नाही. टक्के पूर्णांकात आणले तर ३२९ आणि ३२८ दोन्ही ८२ होतात आणि क्र. २, २७, ४३ यांची खोटी बरोबरी होते. ‘क्रमांक’ रकान्यातलं सूत्र असं:

```
=IF(COUNT(C2:H2)<$L$1,"–",COUNTIFS($J$2:$J$45,"पात्र",$I$2:$I$45,">"&I2)+1)
```

`C` ते `H` सहा विषय, `I` एकूण, `J` मध्ये ‘पात्र’ ही खूण, `L1` मध्ये पूर्ण आलेल्या याद्यांची संख्या (सध्या ४). `COUNT` फक्त आकडे मोजतं, ‘गै.’ मोजत नाही, म्हणून गैरहजर मूल आपोआप बाहेर राहतं. याच कारणाने गुण भरताना इंग्रजी अंकच वापरावेत. ‘७२’ असं देवनागरीत टाइप केलं की शीट ते अक्षर समजते आणि हजर मुलाचा क्रमांक गायब होतो. या फलकावर देवनागरी दिसते, ती नुसती मांडणी आहे.

वर्गशिक्षकांकडे बाकी

- क्र. २६: सामाजिक शास्त्रांचा पेपर गठ्ठ्यातून काढून गुण चढवून घेणे, आज सुट्टीच्या आत.
- गणित: भाग १ हजेरी क्रमांकाने परत मागवणे, भाग २ गुरुवारी येईल असं सरांनी कळवलं आहे.
- विज्ञान: प्रात्यक्षिकाचे गुण तयार, लेखी तपासणी चालू. शुक्रवारी चौकशी.
- क्र. ८: पालकांना पुन्हा फोन, अर्ज मागवणे.

याद्या दर १५ मिनिटांनी ओढल्या जातात. पुढचं ताजेकरण १२:२०.