अहो

रानडे रोडलगतच्या एकाच इमारतीत तीस वर्षे काढूनही पेंडसे आणि सुमित्राबाई यांची ओळख जिन्यापुरतीच होती. पेंडसे बेस्टच्या वीजपुरवठा विभागातून निवृत्त झालेले, सुमित्राबाई पालिकेच्या शाळेत गणित शिकवून. दोघांचेही जोडीदार गेलेले आणि मुले परगावी. गेली दोन वर्षे मात्र ते रोज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दोन फेऱ्या एकत्र मारत, आणि पेंडशांचा गुडघा दुखू लागला की सुमित्राबाईंची चप्पल नेमकी त्याच वेळी टोचू लागे.

त्या दिवशी रस्ता ओलांडताना डावीकडून एक दुचाकी भरधाव आली, तेव्हा सुमित्राबाईंनी त्यांची बाही धरून मागे ओढले आणि म्हणाल्या, "अहो, बघून!" एरवी त्या 'पेंडसे' म्हणत, फार तर 'अहो पेंडसे'. नुसते 'अहो' पेंडशांनी नऊ वर्षांत ऐकले नव्हते. आता 'अहो' तर भाजीवाल्यालाही म्हणतात, पोस्टमनलाही म्हणतात, हे त्यांना ठाऊक होते. तरीही पहिली संपूर्ण फेरी त्यांनी तो शब्द मनात उलटसुलट करण्यात घालवली आणि सुमित्राबाई पाणीकपातीबद्दल काय बोलल्या ते त्यांना अजिबात कळले नाही.

ते गप्प आहेत हे सुमित्राबाईंच्या लक्षात आले होते. बाही धरली ते आवडले नसावे, असे वाटून त्या जरा अंतर राखून चालू लागल्या.

दुसऱ्या फेरीनंतर दोघे भेळवाल्यापाशी थांबले. "काकू, तिखट किती?" असे त्याने विचारले आणि सुमित्राबाईंनी तोंड उघडण्याआधीच पेंडसे म्हणाले, "त्यांना कमी. कांदा वगळा, कैरी असेल तर घाला." सुमित्राबाई पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागल्या. कांद्याचे त्यांनी कधी सांगितल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्या तो गुपचूप कागदाच्या कडेला सारत असत, एवढेच. पण दोन वर्षे शेजारी बसून खाणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात येईल, शिवाय हा माणूस मीटरचे आकडे वाचण्यात आयुष्य घालवलेला, असा हिशेब त्यांनी मांडला. तो काही केल्या जुळेना.

परत निघताना सिग्नल लाल होता. या वेळी दुचाकी नव्हती, रस्ता जवळजवळ रिकामाच होता. पेंडसे पुढे सरले नाहीत.

"अहो," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि दिवा हिरवा होईपर्यंत थांबून त्यांनी वाक्य पुरे केले, "पेंडसे, चला आता."

समोरच्या फुटपाथवर पोहोचेपर्यंत त्यांची चप्पल पुन्हा टोचू लागली होती. पेंडशांचा गुडघा त्या दिवशी मुळीच दुखत नव्हता. तरी तेही हळूच चालू लागले.