सूचना: निबंध स्पर्धा

मराठी विभाग
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

इयत्ता पाचवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, गोवा मुक्तिदिनानिमित्त शाळेत मराठी निबंध स्पर्धा होईल.

शनिवार, ६ डिसेंबर २०२५, सकाळी ११.४५ ते १२.४५
स्थळ : शाळेचे सभागृह

विषय
गट क (पाचवी ते सातवी) : आमच्या वाड्यावरची सकाळ. शब्दमर्यादा २००.
गट ख (आठवी ते दहावी) : १९ डिसेंबर १९६१, आमच्या घरच्या आठवणीत. शब्दमर्यादा ४००.

गट ख साठी थोडे अधिक. सैन्य गोव्यात कधी शिरले, पोर्तुगीज राजवट किती वर्षे होती, हे पाठ्यपुस्तकात आहेच. ते उतरवून काढू नये. घरी किंवा शेजारी त्या वेळी आठ-दहा वर्षांचे असलेले कोणी आज सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. बाणस्तारीचा पूल उडवला तेव्हा घरात काय चालले होते? आवाज ऐकून कोण अंगणात आले, कोणी दार लावून घेतले? आजी कोकणीत बोलली असेल, तर तिचे वाक्य कोकणीतच ठेवा, बाकी निबंध मराठीत. असे कोणी घरात नसेल, तर वाड्यावरच्या जाणत्या माणसाचे ऐकून लिहिले तरी चालेल.

गेल्या वर्षी बरेच निबंध ‘स्वातंत्र्याची सोनेरी पहाट उगवली’ याच वाक्याने सुरू झाले होते. यंदा त्या पहाटेला विश्रांती द्यावी.

नावे वर्गशिक्षकांकडे मंगळवार, २ डिसेंबरपर्यंत द्यावीत. बुधवारी फेस्ताची सुट्टी आहे, त्यामुळे मुदत वाढणार नाही. प्रवेश शुल्क नाही.

कागद शाळा देईल, पेन स्वतःचे आणावे. घरी काढलेली टिपणे, मोबाईल, निबंधाची पुस्तके सभागृहात नेता येणार नाहीत. उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नये, फक्त इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक. गुण आशयाला अधिक. अक्षर आणि शुद्धलेखनालाही आहेत.

प्रत्येक गटात रोख बक्षिसे : पहिले ५०० रुपये, दुसरे ३०० रुपये, तिसरे २०० रुपये, सोबत प्रमाणपत्र. बक्षिसे शुक्रवार, १९ डिसेंबर रोजी ध्वजवंदनानंतर दिली जातील. गट ख मधला पहिला निबंध त्याच वेळी वाचला जाईल; ज्यांची आठवण त्यात आहे, त्या आजी-आजोबांना जरूर घेऊन यावे.

शनिवारी शाळा ११.३० वाजता सुटेल. स्पर्धेतील मुलांसाठी बालरथ १ वाजता सुटेल. घरी तसे सांगून यावे आणि डबा आणावा.

अधिक चौकशी मधल्या सुट्टीत मराठी विभागात करावी.

मराठी विभागप्रमुख
मुख्याध्यापिका