आदरणीय सरांना, रत्नागिरीहून

रत्नागिरी,
18 फेब्रुवारी 2025

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं मला उशिरा कळलं. निरोप समारंभाला यायला हवं होतं, पण त्या आठवड्यात आमच्या इथल्या रुग्णालयाच्या इमारतीचा शेवटचा स्लॅब होता. स्लॅब सोडून मी आले असते तर तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जे तिथे चार लोकांत बोलायचं होतं ते इथे लिहिते आहे.

जुलै 2009 मध्ये पुण्याच्या साइटवर मी तुमच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा डिग्री होती, हेल्मेट होतं आणि बाकी काही नव्हतं. तुम्ही मला ऑफिसात बसवलंच नाही. दोन महिने सळईच्या फिटरबरोबर बसायचं, असा हुकूम केलात. तार पिळायचा आकडा कसा धरायचा, बाइंडिंग वायरचा पीळ किती द्यायचा, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा कशा वाकवायच्या हे मी ड्रॉइंग वाचायच्या आधी शिकले. ‘जे काम तुला तपासायचंय ते आधी हाताने कर,’ एवढंच तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा राग आला होता. माझ्याबरोबरची मुलं एसीत बसून बिलं करत होती आणि मी उन्हात सळया बांधत होते. आज माझ्याकडे कुठलाही ठेकेदार आला तरी त्याच्या फिटरला माझ्यासमोर कामचुकारपणा करता येत नाही, ते त्या दोन महिन्यांमुळे.

जिना चढताना तुमचे प्रश्न सुरू व्हायचे. 12 मिलीच्या सळईचं मीटरला वजन किती? 16 चं किती? व्यासाचा वर्ग भागिले 162, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण तुम्हाला उत्तर पुढची पायरी येण्याआधी हवं असायचं. 0.888, 1.58. आता ट्रकमधून उतरलेला माल आणि चलनावरचा आकडा यांत फरक असला तर मला तो कॅल्क्युलेटर काढायच्या आधी टोचतो.

रिंगांच्या बाबतीत तुम्ही जितके कडक होतात तितका कडक माणूस मी नंतर पाहिला नाही. रिंगेची टोकं 135 अंशांत आत वळलेलीच हवीत. 90 अंशांची रिंग दिसली की अख्खा कॉलम सोडवायला लावायचात, मग बाहेर काँक्रीटची गाडी उभी का असेना. फिटर कुरकुरायचे, कारण 135 ला वेळ लागतो आणि आत वळवलेली टोकं बसवताना हात सोलवटतात. एकदा चहाच्या वेळी तुम्ही किल्लारीबद्दल बोललात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला, त्यानंतर तुम्ही तिकडे कामाला गेला होतात. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, आपण काँक्रीट करतो म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, असं म्हणालात. जमीन हलली की कॉलमचं बाहेरचं काँक्रीट आधी सुटतं. मग 90 अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक आत वळलेलं असेल तर ते मधल्या काँक्रीटला धरून राहतं. पुस्तकात हे मी वाचलं होतंच, पण रात्री घराचं छप्पर अंगावर आलेल्या माणसांच्या गावात राहून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर ती रिंग मला वेगळी दिसायला लागली. त्या दिवसानंतर तुमच्या ओरडण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. निदान रिंगांवरून तरी नाही.

आणि ती रात्र. चौथ्या मजल्याचा स्लॅब अर्धा झाला होता. गाडी उशिरा आली आणि ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी सोडलेलं मुकादमाने पाहिलं. कोन उचलल्यावर माल 100 मिली खाली बसावा, एवढाच स्लम्प आपण मागितला होता. कोन उचलला तर माल धिरड्याच्या पिठासारखा पसरला. ठेकेदार हात जोडत होता, बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत होता, वर तीस-चाळीस माणसं घमेली घेऊन उभी होती. तुम्ही गाडी परत पाठवलीत. आवाज न चढवता. लोकांना तुमचा तो ‘नाही’ आठवतो, मला त्याच्या आधीची दुपार आठवते. त्या दुपारी तुम्ही मला ड्रॉइंग घेऊन बसवलं होतंत आणि विचारलं होतंत, मधेच माल थांबला तर कुठे थांबायचं? गाळ्याच्या मधल्या भागात, जिथे शिअर कमी असतो, तिथे आपण पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती आणि जोडाला लावायच्या फळ्याही कापून वर नेल्या होत्या. म्हणून रात्री तुम्हाला नाही म्हणता आलं. ज्याने थांबायची जागा ठरवलेली नसते त्याला खराब माल घ्यावाच लागतो. कडकपणाला आधी एवढी तयारी लागते, हे मी तुमच्याकडेच पाहिलं. पुढे मला अनेक रागीट साहेब भेटले, पण दुपारी पेन्सिल घेऊन बसणारा एकही नाही.

साइट डायरीबद्दल तर किती लिहू? ‘काम चालू आहे’ असं वाक्य कुणाच्याही डायरीत दिसलं की तुम्ही लाल रेघ मारायचात. कुठलं काम, कुठल्या ग्रिडवर, किती माणसं, किती वाजता, पाऊस होता का? पाच वर्षांनी तिथे गळती निघाली तर या पानावरून काय कळेल, असं विचारायचात. तपासणीसाठी भरायच्या क्यूबचंही तसंच. कुठल्याही गाडीतून, कुणाला न सांगता माल उचलायचा, सिमेंट वाढवलेल्या वेगळ्या मालाचे क्यूब भरू द्यायचे नाहीत. साच्यात तीन थर आणि दर थराला 35 ठोके, तुम्ही शेजारी उभे राहून मोजायचात. 28 दिवसांच्या निकालाचा कागद आला की आधी गाडीचा नंबर विचारायचात आणि आकडा मग.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. साइटवर बाईमाणूस म्हणून तुम्ही मला एक पैचीही सवलत दिली नाहीत. रात्रीचा स्लॅब असो की पावसाळ्यातला पाया, माझं नाव यादीत असायचंच. पण मी रुजू व्हायच्या आधी तुम्ही ठेकेदाराला बायकांसाठी कडी लागणारा, पाण्याची सोय असलेला संडास बांधायला लावला होतात, आणि तो झाल्याशिवाय त्याचं पहिलं बिल सही केलं नव्हतंत. हे मला स्टोअरकीपरने कितीतरी दिवसांनी सांगितलं. तुम्ही स्वतः कधी उल्लेखही केला नाहीत. त्या संडासाचा उपयोग मला जेवढा झाला त्याहून जास्त बिगारी बायकांना झाला. त्यांच्या वतीनेही आभार मानते, कारण त्या पत्र लिहिणार नाहीत.

खोटं लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून हेही लिहिते. तुमचं सगळंच मी उचललं नाही. कामगारांसमोर ज्युनियरला झापणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माझ्याबरोबरचा एक हुशार मुलगा त्यामुळेच साइट सोडून गेला. तो थांबला असता तर चांगला इंजिनिअर झाला असता असं मला अजून वाटतं. मी माझ्या हाताखालच्या मुलांना बाजूला घेऊन बोलते. बोलते मात्र तुमच्याच शब्दांत.

आता इथलं थोडं. इमारत समुद्रापासून जवळ आहे. खारं वारं थेट अंगावर येतं म्हणून सगळं काँक्रीट एम 30 च्या वरचं धरलंय आणि सळईवरचं कव्हर 45 मिली. कव्हर ब्लॉक साइटवर घाईत कसेतरी ओतलेले चालवत नाही, मुख्य काँक्रीटच्या तोडीचेच वापरते. सिमेंट मिश्र जातीचं आहे, त्यामुळे पाणी किमान दहा दिवस मारायचं हे बोर्डावर लिहून ठेवलंय. स्लॅबवर आळी केली आहेत आणि ती सकाळी सातला भरलेली आहेत का हे मी स्वतः जाऊन बघते. साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्यांचे टेके चौदा दिवसांच्या आत कुणी हलवत नाही. सेंट्रिंगवाला पहिल्या महिन्यात माझ्यावर चिडला होता, कारण त्याचं सामान अडकून पडत होतं. आता तो स्वतःच तारीख खडूने टेक्यावर लिहितो.

माझ्या हाताखाली तीन नवी मुलं आहेत, दोन मुली आणि एक मुलगा. तिघांनाही फिटरबरोबर बसवलंय. मुलींपैकी एक परवा जरा रागातच म्हणाली, मॅडम, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. तिला तुम्हाला भेटायचंय, आणि मला वाटतं तिला तुमच्याशी भांडायचंही आहे. तशी आहे ती. तुम्हाला आवडेल.

सर, माझा पगार वाढला, पद वाढलं, त्यासाठी हे आभार नाहीत. त्या रुग्णालयात उद्या बाळंतिणी येतील, म्हातारी माणसं येतील, आणि त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबखाली मी निर्धास्त झोपू शकेन इतकी त्याची प्रत्येक सळई मला माहीत आहे. ही खात्री तुम्ही दिलीत. ती कॉलेजात मिळाली नव्हती, आणि तुमच्याऐवजी कुणी मऊ साहेब भेटला असता तर बहुधा कधीच मिळाली नसती. मनापासून आभार.

एक विनंती आहे. मार्चमध्ये गिलाव्याचं काम सुरू होईल, त्याच्या आधी, कॉलम-बीम उघडे असताना, तुम्ही एकदा येऊन इमारत बघावी. कौतुक करू नका, नेहमीसारखी बघा, बॅटरी आणि हातोडी घेऊन. जे सापडेल ते मुलांसमोर सांगा, मला चालेल. पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट असा रस्ता आहे. घाट दिवसाउजेडी उतरता येईल अशा बेताने निघा. काकूंनाही आणा. राहायची सोय आमच्याकडेच आहे, आणि आईने कोकमसरबत आत्तापासूनच ठरवून ठेवलंय. कुठला शनिवार जमेल तेवढं फोन करून कळवा, म्हणजे त्या दिवशी मी दुसरं कुठलं काम ठेवणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपली विद्यार्थिनी,
वैशाली

ता. क. : तुम्ही दिलेली पाच मीटरची टेप अजून माझ्याकडेच आहे. पहिल्या दहा सेंटीमीटरचे आकडे पुसले गेलेत, तरी मी ती बदललेली नाही. नवी टेप रोजच्या मापासाठी घेतली आहे.