कार्ड नको, कर्जही नको

(दुपारचे सव्वातीन. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन.)

– हॅलो, गुड आफ्टरनून मॅडम! मी तुमच्या सॅलरी अकाउंटच्या बँकेतून बोलतेय. दोन मिनिटं बोलू शकते का?

– बोला. पण कार्ड किंवा लोनसाठी फोन असेल तर आधीच सांगते, मला दोन्ही नको आहे.

– मॅडम, ऐकून तर घ्या. तुमचं रेकॉर्ड खूप छान आहे, म्हणून तुम्हाला लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड अप्रूव्ह झालंय. जॉइनिंग फी नाही, वार्षिक फीसुद्धा नाही.

– माहिती दिल्याबद्दल आभार. मला कार्ड नको.

– काही खास कारण, मॅडम? दुसऱ्या बँकेचं कार्ड आहे का?

(इथे मी पूर्वी अडकायचे. 'एक आहे' म्हटलं की 'त्याची लिमिट किती?', 'खर्च होतो' म्हटलं की 'कॅशबॅक मिळेल'. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. म्हणून आता मी कारणच सांगत नाही.)

– कारण माझं खासगी आहे. नको, एवढंच उत्तर आहे.

– ओके मॅडम. मग पर्सनल लोन बघा ना! पाच लाख प्री-अप्रूव्ह्ड आहेत. कागदपत्रं नाहीत, आजच खात्यात जमा. व्याज फक्त अकरा टक्के.

– फ्लॅट की रिड्युसिंग? म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, की फेडून उरलेल्या रकमेवर?

– अं... फ्लॅट आहे, मॅडम.

– म्हणजे पाच वर्षांत पावणेतीन लाख व्याज आणि जवळपास १२,९१७ रुपयांचा हप्ता. रिड्युसिंगने बघितलं तर हा दर १९ टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्यावर रागावत नाहीये, हा आकडा तुम्ही ठरवलेला नाही. पण फोनवर 'फक्त अकरा' ऐकून कुणी हो म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. आणि दर कमी असता तरी मला कर्ज नकोच होतं.

– तसं असेल तर सरांशी बोलून रेट थोडा कमी करून देते. एक मिनिट होल्ड करता का?

– नाही, होल्ड करणार नाही. सरांनाही त्रास देऊ नका.

– बरं, मग फक्त तुमची एलिजिबिलिटी चेक करून ठेवते. आत्ता एक ओटीपी येईल, तो सांगा. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

– ओटीपी मी कुणालाच सांगत नाही. बँकेतून फोन असला तरी नाही. माझ्या नावाने कुठलाही अर्ज टाकू नका, माझा सिबिल रिपोर्टही काढू नका. यातल्या कशालाच माझी संमती नाही. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड द्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

– नाही नाही मॅडम, तसं काही करणार नाही. मग व्हॉट्सॲपवर लिंक पाठवू का? निवांत बघा.

– लिंकही नको.

– पुढच्या महिन्यात कॉल केला तर चालेल?

– नाही चालणार. आता माझं एक काम करा. तुमच्या सिस्टिममध्ये या कॉलचा शेरा काय टाकणार?

– 'नॉट इंटरेस्टेड' टाकते, मॅडम.

– ते नका टाकू. मागच्या वेळीही तेच टाकलं असणार, म्हणून महिन्याभरात हा तिसरा फोन आलाय. 'ग्राहकाने पुन्हा कॉल करू नये असं सांगितलं आहे', असं लिहा. माझा नंबर १९०९ वर डीएनडीत नोंदवलेला आहे. शिवाय प्रमोशनचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा. तुम्ही साध्या मोबाइलवरून बोलताय. पुन्हा असा फोन आला तर मी बँकेकडे लेखी तक्रार करेन आणि १९०९ वरही कळवेन. तक्रार तुमच्या नावाने नसेल, बँकेच्या नावाने असेल.

(पलीकडे किबोर्डचा आवाज. मागे आणखी पाच-सहा जणी एकाच सुरात 'गुड आफ्टरनून सर' म्हणत होत्या.)

– टाकलं, मॅडम. 'डू नॉट कॉल' मार्क केलंय.

– एकदा वाचून दाखवता?

– 'कस्टमर रिफ्यूज्ड कार्ड अँड लोन. डू नॉट कॉल अगेन.'

– बरोबर. आभारी आहे.

– मॅडम, एक विचारू? बाकीचे लोक ओरडतात, शिव्या देतात. तुम्ही...

– तुम्ही तुमचं काम करताय. ओरडायचं कशाला? पण माझं उत्तर बदलणार नाही.

– हो, कळलं मॅडम. एक शेवटचं, तुमच्या घरात किंवा ऑफिसात कुणाला लोन हवं असेल तर त्यांचा नंबर—

– कुणाचाही नंबर देणार नाही. मी आता फोन ठेवतेय. तुमचा दिवस चांगला जावो.

– थँक यू मॅ—

(ठेवला. लगेच तारीख, वेळ आणि तो नंबर वहीत लिहून ठेवला.)