मालविक्री कायदा: शर्त, हमी आणि मालकीचे हस्तांतरण (सराव प्रश्नसंच, उत्तरांसह)

एमबीए, व्यवसाय कायदा. एकूण गुण ४०. आधी प्रश्न स्वतः सोडवा, मग उत्तर वाचा. उत्तरातले कलम क्रमांक मालविक्री कायदा, १९३० यातले आहेत. क्रमांक आठवला नाही तरी नियम नीट मांडा, गुण नियमाला आहेत.

प्रश्न १ (१६ गुण)

मनीषनगरातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाने एप्रिलमध्ये सीताबर्डीच्या विक्रेत्याला सांगितले, "पाचशे माणसांचा हॉल आहे, मे महिन्यात लग्नं आहेत, हॉल थंड झाला पाहिजे. कोणते कूलर घ्यायचे ते तुम्हीच सांगा." विक्रेत्याने निवडून १२ कूलर दिले, प्रत्येकी १८,००० रुपये. बिलावर लिहिले, "हॉल थंड राहण्याची वॉरंटी." मालकाने १,००,००० रुपये दिले, बाकी जूनमध्ये द्यायचे ठरले. कूलर चालू होते, पण ते साध्या खोलीसाठीचे निघाले. पहिल्याच लग्नात पाहुणे घामाघूम झाले. दोन कूलरची चाकेही अडकत होती. तरीही मालकाने मेमधली तीन लग्ने त्याच कूलरवर काढली आणि जूनमध्ये म्हणाला, "कूलर परत न्या, पैसे परत द्या."

(अ) कोणती गोष्ट शर्त, कोणती हमी? (आ) मालक कूलर परत करू शकतो का? (इ) असले कूलर बाजारात प्रत्येकी १२,००० रुपयांचे असतील तर त्याने बाकी किती द्यावी?

उत्तर: (अ) बिलावरचा शब्द पाहून बहुतेक विद्यार्थी लगेच "हमी" लिहितात. इथेच सगळ्यात जास्त गुण जातात, म्हणून थोडे थांबा. कलम १२ म्हणते, जी अट कराराच्या मुख्य हेतूसाठी अत्यावश्यक आहे ती शर्त, आणि जी मुख्य हेतूला जोडून आहे ती हमी. कागदावर "वॉरंटी" लिहिले असले तरी ती शर्त असू शकते, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. स्वतःला विचारा: ही गोष्ट नसती तर त्याने माल घेतला असता का? बॅनरमन वि. व्हाइट (१८६१) खटल्यात हॉप्स घेणाऱ्याने आधीच सांगितले होते की गंधक वापरले असेल तर मी भावसुद्धा विचारणार नाही. गंधकाचा मुद्दा त्या एका वाक्याने शर्त ठरला. आपला मालकही "हॉल थंड झाला पाहिजे" असेच बोलला. शिवाय त्याने उपयोग सांगितला, निवड विक्रेत्यावर सोडली आणि विक्रेत्याचा धंदाच कूलरचा, त्यामुळे कलम १६ ची योग्यतेची गर्भित शर्तही लागू होते. चाके मात्र हमीचा विषय. चाक अडकल्याने हॉल गरम होत नाही.

(आ) नाही. शर्त मोडली म्हणजे माल नाकारण्याचा हक्क मिळतो, पण तो वेळेत वापरावा लागतो. करार तुकड्यांत वेगळा न होणारा असेल आणि खरेदीदाराने माल स्वीकारला असेल, तर कलम १३ प्रमाणे शर्तभंग हा हमीभंग म्हणूनच धरला जातो. पहिल्या लग्नात दोष कळूनही त्याने आणखी दोन लग्ने काढली. कलम ४२ प्रमाणे हा स्वीकार आहे. पहिल्याच रात्री विक्रेत्याला फोन करून "माल नाकारला" म्हटले असते, तर चित्र वेगळे असते.

(इ) कलम ५९ प्रमाणे तो नुकसान किमतीतून वजा करून मागू शकतो. एकूण किंमत २,१६,००० रुपये, बाकी १,१६,०००. प्रत्येक कूलरमागे फरक ६,०००, म्हणजे एकूण ७२,०००. त्याने ४४,००० रुपये द्यावेत. चाकांची दुरुस्ती यात धरलेली नाही. त्याचा खर्च सिद्ध केला तर तोही वजा होईल.

प्रश्न २ (१४ गुण)

कळमना बाजारातल्या एका शेडमध्ये काटोलच्या शेतकऱ्याचे एकाच प्रतीच्या संत्र्यांचे ५०० क्रेट होते. इतवारीच्या व्यापाऱ्याने सकाळी आठला त्यातले १०० क्रेट घेतले, पूर्ण पैसे दिले, पावती घेतली. ट्रक संध्याकाळी येणार होता. दुपारी वादळी पावसाने शेडचे छत उडाले आणि सगळा माल भिजून वाया गेला.

(अ) नुकसान कोणाचे? (आ) सकाळीच शेतकऱ्यासमोर व्यापाऱ्याच्या हमालाने १०० क्रेटवर खडूने खूण करून ते वेगळे लावले असते आणि पैसे उद्या द्यायचे असते, तर?

उत्तर: (अ) शेतकऱ्याचे. ५०० पैकी कोणते १०० हे ठरलेच नव्हते. माल निश्चित होईपर्यंत मालकी जात नाही (कलम १८), आणि जोखीम सर्वसाधारणपणे मालकीबरोबर चालते (कलम २६). पूर्ण पैसे मिळाले, पावती दिली, यामुळे काही बदलत नाही. शेतकऱ्याने पैसे परत करावेत. कष्टाने पिकवलेला माल डोळ्यांसमोर गेला आणि पैसेही परत द्यायचे, हे ऐकायला कठोर वाटते. म्हणूनच क्रेट लगेच मोजून वेगळे लावणे विकणाऱ्याच्याच हिताचे असते.

(आ) आता नुकसान व्यापाऱ्याचे, एक रुपयाही दिला नसला तरी. दोघांच्या संमतीने, कुठलीही अट न ठेवता माल करारासाठी वेगळा काढला गेला (कलम २३), तिथेच मालकी गेली. ताबा अजून शेतकऱ्याकडे आहे, म्हणून मालकीही त्याचीच, असे लिहू नका. टार्लिंग वि. बॅक्स्टर (१८२७) मध्ये गवताची गंजी विकली गेली, पैसे आणि उचल दोन्ही पुढे ठरली होती, मध्येच आग लागली आणि भुर्दंड खरेदीदाराला पडला. पण दोन फाटे लक्षात ठेवा. किंमत ठरवण्यासाठी शेतकऱ्याने त्या क्रेटचे वजन करायचे राहिले असते, तर ते होऊन व्यापाऱ्याला कळेपर्यंत मालकी गेली नसती. आणि शेतकऱ्याच्या चुकीने सुपूर्दगी रखडली असती, तर त्या विलंबाविना जे नुकसान झाले नसते त्याची जोखीम कलम २६ प्रमाणे त्याच्याच डोक्यावर.

प्रश्न ३ (४ गुण)

महालातल्या एकाने जुनी दुचाकी विकत घेतली, चार महिने वापरली. मग ती चोरीची निघाली आणि पोलिसांनी खऱ्या मालकाला परत दिली. विक्रेता म्हणतो, वापराचे पैसे कापून उरलेले देतो.

उत्तर: पूर्ण पैसे परत मिळतील. विकण्याचा हक्क असणे ही गर्भित शर्त आहे (कलम १४). खरेदीदाराला मालकी, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच, कधी मिळालेच नाही. रोलँड वि. डिव्हॉल (१९२३) मध्ये चोरीच्या मोटारीबाबत असेच ठरले; तिथेही मोटार काही महिने वापरात होती.

प्रश्न ४ (६ गुण)

गांधीबागेतल्या दुकानातून एका बुटीकवाल्या ताईंनी "पसंतीवर" ६ साड्या नेल्या, मुदत ८ दिवस. तिसऱ्या दिवशी दोन साड्या गिऱ्हाइकाला विकल्या. उरलेल्या चारबद्दल काही कळवले नाही. अकराव्या दिवशी त्यांच्या दुकानात शॉर्टसर्किटने आग लागून चारही जळाल्या.

उत्तर: सहाही साड्यांचे पैसे ताईंनी द्यायचे, पण मालकी दोन वेगळ्या दिवशी गेली हे दाखवा. दोन साड्या विकणे म्हणजे व्यवहार आपलासा करणे, म्हणून त्यांची मालकी तिसऱ्या दिवशी. उरलेल्या चार नकार न कळवता ठेवून घेतल्या, म्हणून मुदत संपताच त्यांची मालकी गेली (कलम २४). हीच आग पाचव्या दिवशी, ताईंच्या चुकीशिवाय लागली असती तर चार साड्यांचे नुकसान दुकानदाराचे.